घरी बनवलेली केबल प्लॉटरला जोडण्याआधी: मल्टीमीटरने पिन कशा तपासायच्या

१ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारी बंदी लागली की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि केबिनमधल्या विजेच्या वस्तू खाली उतरतात. जीपीएस प्लॉटर, फिशफाइंडर, व्हीएचएफ वायरलेस. सेट बहुतेक वेळा धडधाकट असतो, खराब झालेली असते ती केबल. खाऱ्या हवेने प्लगच्या पिनांवर हिरवा कळंक चढतो, इन्सुलेशनच्या आत तांबं काळं पडतं, किंवा सेटबरोबर आलेली केबल बॅटरीपर्यंत पोचायला अपुरी पडते. कंपनीची केबल मागवायची तर पैसे आणि दिवस दोन्ही जातात. म्हणून बंदरावरची पोरं बाजारातून प्लग आणि वायर आणून स्वतः केबल बनवतात. त्यात काहीच वावगं नाही. फक्त ती केबल सेटला लावण्याआधी कशी तपासायची, ते नीट माहीत हवं.

बहुतेक जण मल्टीमीटर बीपवर ठेवतात, प्रत्येक वायरचं एक टोक आणि प्लगची एक पिन धरतात, सगळीकडे बीप वाजला की केबल ओके समजतात. पण बीप एवढंच सांगतो की हे दोन बिंदू जोडलेले आहेत. लाल वायर बरोबर त्याच पिनवर आली आहे का, आणि जिथे जोड नको तिथे तो खरोखर नाही ना, हे त्या बीपमधून कळत नाही. ते आपण काढून घ्यायचं असतं. सेट जळतो तो बहुधा याच दोन गोष्टींमुळे.

उदाहरणासाठी एक साधी केबल घेतो. एका बाजूला प्लॉटरला लागणारा गोल, सहा पिनांचा प्लग. दुसऱ्या बाजूला मोकळ्या वायरी: दोन बॅटरीकडे, दोन व्हीएचएफकडे. प्लॉटर आपली जागा व्हीएचएफला कळवतो, म्हणजे संकटाच्या वेळी लाल बटण दाबलं तर संदेशाबरोबर होडीची जागाही जाते. वायर चार कोरची, १ चौरस मिलिमीटरची, पाच मीटर. पिनांची मांडणी अशी धरू:

पिन १: बॅटरी पॉझिटिव्ह, लाल, मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज
पिन २: बॅटरी निगेटिव्ह, काळी
पिन ३: प्लॉटरमधून बाहेर जाणारा डेटा +, पिवळी
पिन ४: प्लॉटरमधून बाहेर जाणारा डेटा −, हिरवी
पिन ५ आणि ६: प्लॉटरमध्ये आत येणारा डेटा, आपल्याला नको, रिकाम्या

ही मांडणी फक्त समजण्यासाठी आहे. प्रत्येक कंपनीची, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही मांडणी वेगळी असते. तुमच्या सेटच्या मॅन्युअलमधलीच घ्या, आणि डाग द्यायला बसण्याआधी ती कागदावर उतरवून काढा. केबल तयार झाल्यावर तिच्याकडे बघून कागद लिहिला तर तो कागद केबलमधली चूकही इमानेइतबारे उतरवून घेतो.

आकृती कुठल्या बाजूने काढली आहे?

सगळ्यात जास्त केबली इथे चुकतात, म्हणून इथे थोडं थांबू.

गोल प्लगला एक खाच असते, त्यामुळे तो एकाच दिशेने बसतो. आपल्या प्लगमध्ये ही खाच १ आणि ६ यांच्या मधोमध आहे. प्लगचं तोंड, म्हणजे सेटमध्ये जाणारी बाजू, आपल्याकडे करून खाच वर धरली तर १ नंबर खाचेच्या लगेच उजवीकडे येतो आणि पुढचे नंबर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जातात. आता तोच प्लग उलटा करा, जिथे डाग देतो ती मागची बाजू बघा, खाच वरच ठेवा. १ नंबर डावीकडे गेला आणि नंबर उलटे फिरायला लागले. डाग देताना आपण नेहमी ही मागची बाजू बघत असतो. मॅन्युअलमधली आकृती मात्र प्लगच्या तोंडाची असू शकते किंवा सेटच्या सॉकेटची, आणि ही दोन्ही चित्रं एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात.

लक्षात ठेवायला सोपं सूत्र आहे. प्लग सेटमध्ये बसवलेला असताना समोरून आपल्याला त्याची मागची बाजूच दिसते. म्हणून सेटच्या सॉकेटची समोरून काढलेली आकृती आणि आपल्या प्लगची डाग देण्याची बाजू ही दोन्ही जशीच्या तशी जुळतात. प्लगच्या तोंडाची आकृती असेल तर ती डावी-उजवी उलटी करून वाचायची. आकृतीखाली बारीक अक्षरात कुठली बाजू ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तापवू नका. बऱ्याच प्लगांवर प्रत्येक पिनेजवळ बारीक नंबर कोरलेले असतात, पण ते नखभर जागेत असतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठे करून बघा.

आकृती उलटी वाचली गेली तर आपल्या केबलमध्ये १ ची जागा ६ घेतो, २ ची जागा ५, आणि ३ व ४ आपसांत बदलतात. म्हणजे बॅटरीचे १२ व्होल्ट सरळ पिन ५ आणि ६ वर, डेटा आत येण्याच्या वाटेवर. फ्यूज आहे की, असं वाटेल. पण फ्यूज ३ अँपिअरचा आहे आणि डेटाची वाट काही मिलिअँपिअरसाठी बनवलेली असते. ती निकामी करणारा करंट त्या फ्यूजच्या खिजगणतीतही नसतो. सेट सुरू होत नाही, फ्यूज शाबूत राहतो, आणि माणूस बॅटरीत दोष शोधत बसतो. तोवर केबल सेटला लागलेलीच असते.

तपासणीची तयारी

केबल दोन्ही बाजूंनी पूर्ण मोकळी असली पाहिजे. एक टोक जरी बॅटरीला किंवा व्हीएचएफला लागलेलं असेल तर मीटरचा करंट आतल्या सर्किटमधून फिरून येतो आणि नसलेला जोड दाखवतो. वायरमध्ये व्होल्टेज असताना बीपची रेंज लावू नये. त्या रेंजमध्ये मीटर स्वतःच छोटं व्होल्टेज बाहेर सोडत असतो, म्हणून प्लॉटरच्या सॉकेटमध्येही या रेंजवर प्रोब घालू नका.

मीटर साधा पिवळा चालतो. स्पीकरची खूण असलेल्या रेंजवर ठेवून दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. बीप लगेच यायला हवा. मग २०० ओहमच्या रेंजवर हेच करून आकडा बघा. साधारण ०.२ ते ०.५ ओहम येतो. हा तुमच्या प्रोबच्या वायरींचा रोध. कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे वजा करायला लागेल. आकडा नाचत असेल तर आधी प्रोब बदला.

प्लगला बाहेर आलेल्या पिना नसून भोकं असतील तर प्रोबचं जाड टोक आत दाबू नका. आतली स्प्रिंगची पाकळी एकदा फाकली की ती पिन पुढे कधीच घट्ट धरत नाही, आणि मग लाटेच्या प्रत्येक धक्क्याला सेट बंद-चालू होतो. शिवणकामाची बारीक टाचणी किंवा जुन्या रेझिस्टरचा कापलेला पाय भोकात हलकेच सरकवायचा आणि त्याला प्रोब टेकवायचा.

ओळख पटवणं: जुन्या केबलचा पुरावा

आपण डाग देताना आकृती उलटी वाचली असेल, तर तपासतानाही तशीच वाचण्याचा संभव मोठा. मग चूक आणि तपासणी एकमेकींना दुजोरा देतात. म्हणून आपल्या वाचण्यावर अवलंबून नसलेला एक पुरावा हवा. सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे सेटबरोबर आलेली मूळ केबल, मग ती कितीही कुजलेली असो. तिची लाल वायर कुठल्या भोकात वाजते आणि काळी कुठल्या, ते बघायचं. वायर मध्येच तुटली असेल तर प्लगपासून वीतभर अंतरावर इन्सुलेशन सोलून तिथे प्रोब लावा.

गेल्या बंदीत मिरकरवाड्याच्या एका तांडेलाचा पुतण्या अशीच नवी केबल घेऊन आला होता. डाग सुरेख दिले होते, प्रत्येक डागावर हीटश्रिंकची नळी चढवली होती. म्हणाला, "काका, चारही वायरी वाजतात, फक्त एकदा बघा." मी त्याला जुनी केबलही आणायला लावली. दोन्ही प्लग टेबलावर शेजारी शेजारी, तोंडं आमच्याकडे, खाचा वर. जुन्या केबलची लाल वायर खाचेच्या उजवीकडच्या भोकात वाजली. नवीची उजवीकडे वाजेना. टाचणी डावीकडच्या भोकात घातली आणि बीप आला. काळी वायरही तशीच आरशातल्यासारखी पलीकडे निघाली. मॅन्युअलमधली आकृती प्लगच्या तोंडाची होती, त्याने ती मागच्या बाजूची समजून डाग दिले होते. चारही वायरी वाजत होत्या हे त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. पण कुठली वायर कुठे वाजते, हे त्याने बघितलंच नव्हतं. प्लॉटर अजून त्याच्या घरी कपाटात होता, म्हणून काम चार डाग काढून पुन्हा देण्यावर निभावलं.

मूळ केबल नसेल तर प्लगवर कोरलेले नंबर हा दुसरा पुरावा. तेही नसतील तर आकृती दुसऱ्या माणसाच्या हातात द्या, तुम्ही काय केलंत ते न सांगता त्याला १ नंबर दाखवायला सांगा, आणि दोघांचं बोट एकाच भोकावर येतं का ते बघा.

ओळख पटली की क्रमाने जा. काळा प्रोब पिन १ च्या टाचणीवर कायम ठेवा आणि लाल प्रोब मोकळ्या टोकांच्या चारही वायरींना एकामागून एक लावा. लाल वायरीला वाजलं तरी तिथे थांबू नका, काळी, पिवळी आणि हिरवीलाही लावून बघा. एका वायरीला बीप, बाकी तिघींना शांतता, असं झालं तरच कागदावर पिन १ समोर खूण करायची. मग पिन २, ३, ४. पिन ५ आणि ६ कुठल्याच वायरीला वाजता कामा नयेत.

लाल वायरीचा बीप येत असताना फ्यूज काढून बघा. बीप बंद झाला पाहिजे. नाही झाला तर फ्यूज त्या वाटेवर नाही. कोणीतरी तो काळ्या वायरीत घातला आहे किंवा होल्डरच्या आतच शॉर्ट आहे. फ्यूज पुन्हा बसवून मगच पुढे जा.

शांतता तपासणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच वगळला जातो. प्लगच्या सहा भोकांतली प्रत्येक जोडी एकमेकांपासून वेगळी आहे ना, हे बघायचं. पहिल्याचा बाकी पाचांशी, दुसऱ्याचा पुढच्या चारांशी, असं करत गेलं की १५ जोड्या होतात. पाच मिनिटांचं काम. त्या वेळी मोकळ्या टोकांच्या वायरी एकमेकींना टेकलेल्या नाहीत याची खात्री करा. प्लगला धातूचं कवच असेल तर कवचाशीही प्रत्येक पिन तपासा. कवच स्क्रूने आवळल्यावर आतली एखादी उभी राहिलेली तार त्याला टेकते, आणि उघड्या प्लगवर घेतलेल्या चाचणीत हे दिसत नाही. म्हणून ही फेरी एकदा कवच काढून आणि एकदा आवळून.

काही व्हीएचएफ सेटांत डेटाची निगेटिव्ह वायर बॅटरीच्या निगेटिव्हला जोडायला सांगितलेली असते. तसं असेल आणि तो जोड केबलमध्येच दिला असेल, तर २ आणि ४ मध्ये बीप येणारच. असे मुद्दाम दिलेले जोड कागदावर आधीच लिहिलेले असावेत. नाहीतर ऐनवेळी बीप आला की माणूस स्वतःची समजूत घालतो की असेल तसंच काहीतरी.

बीप न वाजणं म्हणजे पूर्ण वेगळं असणं नव्हे. बीप साधारण ३० ते ७० ओहमच्या खालीच वाजतो, त्यावरचं काहीही त्याला ऐकू येत नाही. आपल्या दमट, खाऱ्या हवेत दोन पिनांच्या मध्ये फ्लक्स, मीठ आणि ओल यांचा पातळ थर बसतो आणि त्यातून करंट झिरपतो. म्हणून त्याच १५ जोड्या मीटरच्या सगळ्यात वरच्या ओहमच्या रेंजवर, २ किंवा २० मेगाओहमवर, पुन्हा बघा. नुसता ‘1’ किंवा ‘OL’ दिसला तर ठीक. काही लाख ओहमचा आकडा दिसला तर आधी तुमची बोटं बघा. दोन्ही हातांनी दोन्ही प्रोबची धातूची टोकं धरली तर मीटर घामट हातांचाच रोध दाखवतो. बोटं बाजूला करूनही आकडा राहिला तर प्लग धुवायला हवा. नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून भागत नाही, कारण मीठ त्यात नीट विरघळत नाही. आधी डिस्टिल्ड वॉटर आणि जुना टूथब्रश, मग पूर्ण सुकवणं, मग अल्कोहोलने फ्लक्स काढणं, आणि पुन्हा मोजणं.

बीप येतो, पण जोड पुरेसा आहे का?

समजा लाल वायरीच्या डागात २० ओहमचा रोध आहे. बीप खणखणीत येईल. पण प्लॉटर अर्धा अँपिअर जरी मागायला लागला तरी त्या डागातच १० व्होल्ट पडायला हवेत. सेटपर्यंत उरतं काय? म्हणून वीज नेणाऱ्या दोन वायरींचा आकडा २०० ओहमच्या रेंजवर बघायचा. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या पाच मीटर वायरीचा रोध जेमतेम ०.०९ ओहम असतो. प्रोबचा रोध वजा केल्यावर मीटरने ०.१ किंवा ०.२ दाखवावं. १ ओहमच्या पुढे गेलं तर डाग कच्चा आहे किंवा आतलं तांबं काळं पडलंय. काळ्या तांब्याला डाग धरत नाही, तो वरवर चिकटल्यासारखा दिसतो. ती वायर टाकून द्या आणि शक्य असेल तर कल्हई केलेल्या तांब्याची घ्या.

मग हलवून बघायचं. मीटर लावलेला ठेवून, प्लगच्या मागे वायर जिथे शिरते तिथे ती चारही बाजूंना वाकवा आणि हलकेच ओढा. बीप क्षणभर जरी तुटला तरी केबल नापास. होडीवर हा धक्का तिला रात्रंदिवस बसणार आहे.

एक गोष्ट मीटरला कधीच दिसत नाही. डागाशी वायरीच्या सगळ्या तारा तुटून दोनतीनच शिल्लक असतील तरी मीटरचा इवलासा करंट त्यांतून सुखेनैव जातो आणि आकडा चांगला येतो. हे कळायला खरा भार लागतो. प्लगबरोबर त्याचा जोडीदार सॉकेट मिळत असेल तर तो घ्या, त्याच्या १ आणि २ नंबरला आखूड वायरी लावून १२ व्होल्ट १० वॅटचा गाडीचा बल्ब जोडा. हा बल्ब सुमारे ०.८ अँपिअर घेतो. केबलची मोकळी टोकं बॅटरीला लावा, बल्ब पेटू द्या, आणि आधी बॅटरीच्या टोकांवर, मग बल्बच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. फरक पाव व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर कुठेतरी जोड कमजोर आहे. पेटता बल्ब ठेवून वायर पुन्हा हलवा, उजेड फडफडला तर दोष तिथेच. २४ व्होल्टच्या होडीवर बल्ब २४ व्होल्टचा लावायचा.

शेवटी वीज, पण सेटशिवाय

आता बल्ब काढा, व्हीएचएफही जोडू नका, केबलची लाल-काळी वायर होडीच्या बॅटरीला जोडा आणि प्लग हवेत लोंबता ठेवा. मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर, २४ व्होल्टच्या होडीवर २०० च्या. काळा प्रोब पिन २ वर, लाल पिन १ वर. साधारण साडेबारा व्होल्ट दिसायला हवेत आणि आकड्यापुढे वजाचं चिन्ह नको. वजा दिसलं तर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे आहेत. काळा प्रोब तिथेच ठेवून लाल प्रोब ३, ४, ५, ६ वर न्या, तिथे जवळपास शून्यच यावा. दोन टाचण्या एकमेकींना टेकू देऊ नका, आणि या वेळी फ्यूज नक्की बसवलेला असू द्या.

इंजिन चालू करून पिन १ आणि २ पुन्हा मोजा. १२ व्होल्टच्या यंत्रणेत १४ च्या आसपास येईल. सेटच्या मागच्या पट्टीवर लिहिलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेत हा आकडा बसतो का ते बघा. होडी २४ व्होल्टची असेल तर हे आधीच बघायला हवं, कारण काही सेट दोन्हींवर चालतात आणि काही फक्त १२ वर.

मग बॅटरीची वायर काढायची, प्लग सेटला बसवायचा, व्हीएचएफच्या वायरी लावायच्या आणि शेवटी पुन्हा बॅटरी जोडायची. प्लॉटर सुरू झाला पण व्हीएचएफवर जागा दिसत नसेल तर केबल उसकटण्याआधी दोन गोष्टी तपासा: पिवळी-हिरवी व्हीएचएफच्या आत येणाऱ्या डेटाच्या टोकांवर, + ला + अशी लागली आहे ना, आणि दोन्ही सेटांत डेटाचा वेग सारखा, साधारणपणे ४८००, ठेवला आहे ना. प्लॉटरने पाठवलेला डेटा व्हीएचएफच्या बाहेर जाणाऱ्या टोकांवर लावला असेल तर बीपच्या चाचणीत ते कधीच सापडणार नाही, कारण ती चूक केबलमध्ये नसून कागदावरच्या मांडणीत असते.

प्लगवर सीलंट किंवा टेप चढवायचा तो हे सगळं झाल्यावर. आधी चढवला तर दुरुस्तीच्या वेळी तोच कापत बसावं लागतं. पिनांच्या मांडणीच्या कागदावर लाल आणि काळ्या वायरीचा मोजलेला रोध आणि तारीख लिहा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून केबिनच्या पॅनेलमागे ठेवा. पुढच्या बंदीत तेच आकडे पुन्हा मोजा. ०.१ चा ०.६ झाला असेल तर सेट अजून नीट चालत असला तरी प्लग उघडून डाग बघायची वेळ झाली आहे.